सगळंच स्वस्त झालं तर मागणी का वाढावी?

कांदा ६० रुपयांवरून ३० वर आला की लोक जास्त कांदा घेतात, हे सांगायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही. त्यामागची कारणंही घरातलीच आहेत. बाकीच्या भाज्या महाग राहिल्या तर माणूस कांद्याकडे वळतो, आणि तेवढ्याच पगारात थोडं जास्त बसतं. बारावीच्या पुस्तकातला डावीकडून उजवीकडे उतरत जाणारा मागणी वक्र एवढंच सांगतो.

त्याच पुस्तकात पुढे देशाच्या एकूण मागणीचाही वक्र येतो. त्याला समग्र मागणी वक्र म्हणतात. उभ्या अक्षावर एका वस्तूच्या किमतीऐवजी सगळ्या वस्तूंची सरासरी किंमतपातळी असते आणि आडव्या अक्षावर देशातल्या एकूण खरेदीचं प्रमाण. हाही वक्र तसाच खाली उतरतो. बहुतेक विद्यार्थी तो पाहून मान डोलावतात, कारण कांद्याचा वक्र डोक्यात असतो. पण कांद्याचं कारण इथे लागू पडत नाही. सगळंच स्वस्त झालं तर वळायचं कशाकडून कशाकडे? आणि पगार तेवढाच राहील असं तरी कोणी सांगितलं? एकाची किंमत हे दुसऱ्याचं उत्पन्न असतं. सगळ्या किमती दहा टक्के उतरल्या, तर दुकानदाराचा गल्ला, कारखान्याची विक्री आणि शेवटी मजुरी हे सारंच दहा टक्क्यांनी खाली येतं.

एका घराचा हिशोब मांडू. महिन्याला ४०,००० रुपये येतात, ३६,००० खर्च होतात, ४,००० उरतात. किमती आणि पगार दोन्ही दहा टक्के उतरले. आता ३६,००० येतात, ३२,४०० खर्च होतात, ३,६०० उरतात. ताटात तेवढंच अन्न, अंगावर तेवढेच कपडे, आणि उरलेल्या पैशात पूर्वीइतकंच सामान येतं. या घराने जास्त खरेदी करण्याचं काहीच कारण दिसत नाही.

मग वक्र उतरतो कशामुळे? उत्तर अशा आकड्यांमध्ये आहे, जे किमतींबरोबर हलत नाहीत. कपाटातली ५०० ची नोट ५०० चीच राहते. पासबुकातली शिल्लक तेवढीच राहते. कर्जाच्या कागदावरची रक्कम बदलत नाही. आणि परदेशी व्यापारी त्याच्या मालाची जी डॉलरमधली किंमत सांगतो, ती आपल्याकडे काय स्वस्त झालं याच्याशी बांधलेली नसते. संपत्ती परिणाम, व्याजदर परिणाम आणि विनिमय दर परिणाम ही तीनही कारणं या न हलणाऱ्या आकड्यांतून निघतात.

पहिलं कारण सर्वांत सोपं आणि माझ्या मते सर्वांत अशक्त. केंब्रिजचे आर्थर पिगू यांनी १९४३ मध्ये ते ठसठशीतपणे मांडलं, म्हणून त्याला पिगू परिणामही म्हणतात. वरच्याच घरात बँकेत दोन लाख रुपये पडून असतील, तर किमती दहा टक्के उतरल्यावर त्या दोन लाखांत पूर्वी दोन लाख बावीस हजारांत आलं असतं तेवढं सामान येतं. पगाराने काही फरक पडला नाही, पण साठवलेल्या पैशाने घर श्रीमंत झालं. श्रीमंत झालेला माणूस थोडा सैल हाताने खर्च करतो. मागणी वाढली.

तर्क बरोबर आहे, पण तो किती मोठा आहे हे पाहायला हवं. बँकेतले दोन लाख बँकेने कुणाला तरी कर्जाऊ दिलेले असतात. ठेवीदार जेवढा श्रीमंत झाला, तेवढाच तो कर्जदार गरीब झाला, कारण त्याला तेच रुपये आता स्वस्त झालेला माल विकून फेडायचे आहेत. दोघांची बेरीज शून्य. पोलंडचे अर्थतज्ज्ञ मिहाउ कालेत्स्की यांनी पुढच्याच वर्षी, १९४४ मध्ये, पिगूंना नेमकं हेच दाखवून दिलं. देशाची निव्वळ श्रीमंती वाढवणारा पैसा म्हणजे ज्याच्यामागे कुणी खासगी कर्जदार उभा नाही तो, म्हणजे मुख्यतः नोटा. भारतात २०२५ च्या सुमारास साधारण ३७ लाख कोटी रुपयांच्या नोटा चलनात होत्या आणि देशाचं वर्षाचं उत्पन्न सुमारे ३३० लाख कोटी होतं. किमती दहा टक्के उतरल्या तर या नोटांची खरेदीशक्ती चारेक लाख कोटींनी वाढेल. वाढलेल्या संपत्तीतले शंभरातले पाच रुपये लोक वर्षभरात खर्चतात असं धरलं, तर मागणीत भर पडेल २०,००० कोटींची. हजार रुपयांच्या उत्पन्नामागे साठ पैसे! आणि एवढ्यासाठी देशातल्या सगळ्या किमती दहा टक्के उतरायला हव्यात.

यात सरकारी रोखे धरावेत असं काही जण म्हणतात. धरले तर आकडा वाढतो, पण ते रोखे फेडण्यासाठी सरकार उद्या कर घेणार तो आपल्याकडूनच. शिवाय आपल्याकडे घरांची संपत्ती प्रामुख्याने जमीन, घर आणि सोनं यांत असते. किंमतपातळी उतरली की जमिनीची आणि घराची रुपयांतली किंमतही उतरू शकते, म्हणजे तिथे पिगूंचा हिशोब लागूच पडत नाही. शेअर बाजार चढला म्हणून लोकांनी गाड्या घेतल्या, याला वर्तमानपत्रांत संपत्ती परिणाम म्हणतात. ती गोष्ट वेगळी आहे. तिथे किंमतपातळी न बदलताही मागणी वाढते, म्हणजे अख्खा वक्रच उजवीकडे सरकतो.

खरं काम करतो तो व्याजदर. केन्स यांच्या १९३६ च्या ग्रंथापासून हा तर्क चालत आला आहे. किमती उतरल्या की रोजच्या व्यवहाराला कमी रोकड लागते. जिथे महिन्याला ३६,००० हाताशी ठेवावे लागत, तिथे ३२,४०० पुरतात. उरलेले ३,६०० कोणी उशीखाली ठेवत नाही, ते ठेवीत किंवा रोख्यांत जातात. असं लाखो घरांत आणि हजारो कंपन्यांत झालं की कर्जाऊ द्यायला पैसा जास्त आणि मागणारे तेवढेच, म्हणून व्याज उतरतं. व्याज उतरलं की काल न परवडणारी यंत्रं, गाळे, फ्लॅट आज परवडतात.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. व्याज उतरलं की चालू कर्जदारांचा हप्ता कमी होतो आणि ते वाचलेले पैसे बाजारात येतात, अशी समजूत असते. हिशोब करून पाहू. ३० लाखांचं गृहकर्ज, मुदत २० वर्षं, व्याज ९ टक्के. हप्ता येतो २६,९९२ रुपये. व्याज ८ टक्के झालं तर हप्ता २५,०९३ व्हायला हवा, म्हणजे महिन्याला सुमारे १,९०० रुपये सुटतात. पण बँका बऱ्याचदा हप्ता तसाच ठेवून मुदत घटवतात. मग २० वर्षांचं कर्ज साधारण १७ वर्षांत फिटतं, आणि यंदाच्या बाजारात त्या घराकडून एक रुपयाही जास्त येत नाही. शिवाय ज्या पेन्शनरचं घर मुदत ठेवीच्या व्याजावर चालतं, त्याचा हात उलट आखडतो.

खरा फरक पडतो तो अजून कर्ज न घेतलेल्या माणसाच्या बाबतीत. पगार पाहून बँकेने त्याला २७,००० च्या आसपास हप्ता झेपेल असं ठरवलं असेल, तर ९ टक्क्यांना त्याला ३० लाख मिळतात आणि ८ टक्क्यांना सव्वाबत्तीस लाखांहून थोडं जास्त. त्या सव्वादोन लाखांत एखादी खोली वाढते, किंवा डोंबिवलीऐवजी ठाण्याचा विचार होतो. खरं तर एवढ्यात ठाणं येत नाही, पण विचार होतो. नवं घर म्हणजे सिमेंट, सळई, गवंडी, सुतार, पंखे. व्याजदर परिणाम मुख्यतः नव्या गुंतवणुकीतून येतो.

आजच्या काळात यात एक दुवा बदलला आहे. केन्स यांच्या तर्कात देशातला पैसा ठरावीक असतो आणि व्याज आपोआप उतरतं. आता रिझर्व्ह बँक पैशाचं प्रमाण ठरवून ठेवत नाही, ती थेट रेपो दर ठरवते. २०१६ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, सहा जणांची पतधोरण समिती आली आणि महागाई ४ टक्के, दोन टक्के इकडेतिकडे, असं उद्दिष्ट ठरलं. एप्रिल २०२२ मध्ये किरकोळ महागाई ७.७९ टक्क्यांवर गेली, आणि मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला गेला. पुढे महागाई निवळली आणि २०२५ मध्ये तोच दर टप्प्याटप्प्याने ६.५ वरून ५.२५ वर आणला. महागाई वाढली की व्याज वाढवायचं, उतरली की उतरवायचं. जुन्या तर्कात रोकड आपसूक करत होती ते काम आता समितीच्या बैठकीत होतं. म्हणून हल्ली अनेक पाठ्यपुस्तकांत उभ्या अक्षावर किंमतपातळीऐवजी महागाईचा दर घेतात. वक्र उतरताच राहतो, फक्त तो उतरता ठेवणारा हात दिसू लागतो. ऑक्टोबर २०१९ पासून गृहकर्जासारखी नवी तरत्या व्याजाची कर्जं बाहेरच्या मापदंडाशी, बहुधा रेपोशीच, जोडायचा नियम आल्यामुळे तो हात ग्राहकापर्यंत पूर्वीपेक्षा लवकर पोहोचतो.

तिसरं कारण दुसऱ्याच्याच पोटातून येतं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रॉबर्ट मंडेल आणि मार्कस फ्लेमिंग यांनी त्याचा सांगाडा उभा केला. भारतात व्याज उतरलं की आपल्या रोख्यांवर कमी मिळतं, म्हणून काही पैसा बाहेर जातो. बाहेर जाताना रुपये विकून डॉलर घेतले जातात, आणि रुपया घसरतो. सोलापूरच्या एखाद्या टॉवेल निर्यातदाराला एक टॉवेल १७० रुपयांना परवडत असेल, तर डॉलर ८५ रुपयांना असताना तो परदेशी खरेदीदाराला दोन डॉलर सांगतो. डॉलर ९० वर गेला की तोच टॉवेल एक डॉलर एकोणनव्वद सेंटना देता येतो. निर्यात वाढते, परदेशी माल महागल्यामुळे आयात आवरते, आणि निव्वळ निर्यातीची भर मागणीत पडते.

आपल्याकडे हे गणित अर्धवटच चालतं. भारत लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त आयात करतो आणि ते डॉलरमध्ये घेतो. रुपया घसरला म्हणून गाड्या पेट्रोल सोडून पाण्यावर चालत नाहीत, बिल मात्र फुगतं. रुपया फार हलू लागला की रिझर्व्ह बँक डॉलर विकून त्याला सावरते. म्हणजे विनिमय दर परिणामाची वाट मोकळी असली तरच तो चालतो. ती वाट बंद असेल तर काय होतं, याचं सर्वांत बोलकं उदाहरण १९२९ ते १९३३ च्या अमेरिकेत सापडतं. तीनही परिणामांची तिथे एकदम परीक्षा झाली.

त्या चार वर्षांत अमेरिकेतल्या किरकोळ किमती सुमारे एक चतुर्थांशाने उतरल्या. वक्रावर विश्वास ठेवायचा तर मागणी वाढायला हवी होती. झालं उलटं. उत्पादनही चतुर्थांशाहून जास्त घटलं आणि १९३३ मध्ये चारातला एक कामगार बेकार होता.

संपत्ती परिणाम का चालला नाही? कारण हजारो बँका बुडाल्या आणि त्यांच्याबरोबर पासबुकातले आकडेही बुडाले. देशातला पैसाच सुमारे एक तृतीयांशाने आटला. उरली ती कर्जं. १९२९ मध्ये एक बुशेल गव्हाला साधारण एक डॉलर मिळे, १९३२ मध्ये ४० सेंटही मिळेनात. हजार डॉलरचं गहाणखत असलेल्या शेतकऱ्याला पूर्वी हजार बुशेल विकून सुटता येत होतं, आता अडीच हजारांहून जास्त. तो घाईने विकायला काढी, त्याने भाव आणखी पडत, आणि शेजाऱ्याचं कर्ज आणखी जड होई. अर्विंग फिशर यांनी १९३३ मध्ये या चक्राचा सिद्धान्त मांडला. १९२९ च्या कोसळण्यात त्यांची स्वतःची संपत्ती गेली होती, तेव्हा विषय त्यांना जवळून माहीत होता.

व्याजदर परिणाम का चालला नाही? कागदावरचं व्याज काही काळ उतरलं होतं. पण किमती वर्षाला दहा टक्के उतरत असतील, तर पाच टक्क्यांचं कर्ज खऱ्या अर्थाने पंधरा टक्क्यांना पडतं. आज कर्ज काढून यंत्र घेणाऱ्याला वर्षभराने तेच यंत्र दहा टक्के स्वस्त मिळणार असतं, आणि त्याचा मालही दहा टक्के स्वस्तातच विकायचा असतो. किमती खाली असणं वेगळं आणि किमती उतरत राहणार अशी अपेक्षा असणं वेगळं. पहिल्याने मागणी वाढू शकते, दुसऱ्याने ती गोठते. वक्राच्या आकृतीत हा फरक दिसत नाही, ही तिची मोठी उणीव आहे.

विनिमय दराचं तर दारच बंद होतं. डॉलर सोन्याला बांधलेला होता, एका औंसाला २०.६७ डॉलर. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णमान सोडला, आता डॉलरचीही पाळी म्हणून सोनं अमेरिकेबाहेर जाऊ लागलं. ते थोपवायला ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने आपला दर दीड टक्क्यावरून साडेतीन टक्क्यांवर नेला. ऐन मंदीत, किमती पडत असताना! बांधलेल्या विनिमय दराने तिसरा परिणाम मारलाच, वर दुसऱ्यालाही उलटं फिरवलं.

याची झळ आपल्या गावांपर्यंत आली होती. शेतमालाचे भाव भारतातही जवळपास निम्म्यावर आले. पण मुंबई इलाख्यात शेतसारा ठरलेला होता रुपयांत, आणि तोही साधारण तीस वर्षांच्या बंदोबस्ताने. सारा आणि सावकाराचा आकडा तसाच, जोंधळ्याचा भाव अर्धा, म्हणजे दुप्पट जोंधळा विकल्याशिवाय सुटका नाही. १९३१ मध्ये पौंडाबरोबर रुपयाही सोन्याच्या तुलनेत घसरला, सोन्याला रुपयांत जास्त भाव येऊ लागला, आणि गावोगावचे दागिने मोडून ते सोनं मुंबई बंदरातून बाहेर गेलं. स्वस्ताईने श्रीमंत झालेला पिगूंचा ठेवीदार इथे औषधालाही नव्हता.

मग वक्रच चुकीचा का? तसं नाही. अमेरिकेत आधी मागणी कोसळली, बँका आणि पैसा आटल्यामुळे अख्खा वक्र डावीकडे सरकला, आणि किमती उतरल्या त्या त्यामुळे. वक्र उतरता असतो तो ‘बाकी सगळं तसंच राहिलं तर’ या अटीवर, आणि तिथे बाकी काहीच तसं राहिलं नव्हतं. ओळखायची खूण सोपी आहे. किमती आणि उत्पादन एकाच दिशेला जात असतील तर सरकला तो मागणीचा वक्र. किमती उतरल्या आणि उत्पादन वाढलं, जसं चांगल्या पावसाच्या वर्षी किंवा तेल स्वस्त झाल्यावर होतं, तर पुरवठा सरकला आणि अर्थव्यवस्था मागणीच्या वक्रावरून खाली घसरली. १९३३ च्या एप्रिलमध्ये रूझवेल्ट यांनी डॉलर सोन्यापासून सोडवला, जानेवारी १९३४ मध्ये औंसाचा भाव ३५ डॉलर केला. किमती चढू लागल्या आणि उत्पादनही झपाट्याने वाढलं. पुन्हा दोन्ही एकाच दिशेला, फक्त या वेळी वर.

त्या चार वर्षांचा ठसा आजच्या नियमांवर आहे. महागाईचं उद्दिष्ट शून्य न ठेवता ४ टक्के ठेवलंय, यामागे एक कारण हेही आहे की शून्याच्या खाली गेल्यावर व्याज उतरवायला जागा उरत नाही आणि कर्जं जड होऊ लागतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतातली किरकोळ महागाई ०.२५ टक्क्यावर आली, तेव्हा बहुतेकांनी भाजी स्वस्त झाली एवढंच पाहिलं. कायद्याचं म्हणणं वेगळं आहे. सरासरी महागाई सलग तीन तिमाही ६ टक्क्यांच्या वर राहिली तर रिझर्व्ह बँकेने सरकारला लेखी खुलासा द्यायचा असतो, आणि सलग तीन तिमाही २ टक्क्यांच्या खाली राहिली तरीही.